बदामचा गुलाम आणि पेल्यातला मासा

आमच्या वसतिगृहात रात्री दहानंतर दिवे मालवायचा नियम आहे. नियम आहे म्हणूनच की काय, खरी बोलणी दहानंतरच सुरू होतात. अशा बोलण्यांत गेली दोन वर्षे माझा एक विशेष मान आहे, कारण माझ्याजवळ टॅरोचे पत्ते आहेत. मावशीने ते वाढदिवसाला दिले, आणि ‘अभ्यासाकडे लक्ष दे’ हे वाक्यही त्याच पुडक्यात बांधून दिले. पत्ते वापरले गेले. वाक्याचे काय झाले ते निकालपत्रिकेवरून कळेलच. तर मुली येतात, उशीवर पत्ते मांडले जातात, आणि दहापैकी आठ वेळा प्रश्न एकच असतो. ‘त्याने असे केले, याचा अर्थ काय?’

या प्रश्नाला एक पत्ता फार वेळा उत्तर म्हणून पुढे केला जातो. त्याचे नाव ‘पेज ऑफ कप्स’. या पत्त्याबद्दल मी लिहायला बसले आहे त्याचे कारण सरळ आहे. तो मी एकदा चुकीचा वाचला आणि त्याचा ताप माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला झाला.

ज्यांनी टॅरो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगते. हे एकूण ७८ पत्ते. त्यांतले २२ मोठे, म्हणजे सूर्य, चंद्र, मृत्यू, न्याय असे भारदस्त. उरलेले ५६ आपल्या खेळायच्या पत्त्यांचे सख्खे भाऊबंद. त्यांचेही चार रंग आहेत : काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी. पेले हा भावनेचा, जिव्हाळ्याचा रंग. आपल्या पत्त्यांत त्याची जोडी साधारणपणे बदामाशी लावतात. प्रत्येक रंगात राजा, राणी, घोडेस्वार आणि ‘पेज’ अशी चार माणसे. पेज म्हणजे दरबारातला पोरसवदा सेवक, आपल्या पेशवाई भाषेत हुजऱ्या. म्हणजे ‘पेज ऑफ कप्स’ हा जवळजवळ आपला बदामचा गुलामच म्हणायचा. सुट्टीत आजीबरोबर पत्ते कुटताना तो आपल्या हातात शेकडो वेळा आला असेल आणि आपण त्याला कधी मनातले विचारले नसेल! सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात तर हा पोरगा मुळीच नाही. तिथे प्रत्येक अवताराचे बारा पत्ते, त्यांत माणसे दोनच, राजा आणि प्रधान. निरोप्याला जागा नाही.

टॅरोसुद्धा मुळात खेळच. १५व्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते खेळायला म्हणून निघाले. भविष्य सांगायला त्यांचा सर्रास उपयोग सुरू झाला तो १८व्या शतकाच्या अखेरीस, पॅरिसमध्ये. आज आपण बहुतेक ठिकाणी पाहतो ती चित्रे मात्र १९०९ सालची. लंडनमध्ये आर्थर एडवर्ड वेट नावाच्या गूढविद्येच्या अभ्यासकाने योजना केली आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने सगळे पत्ते काढले. बरीच वर्षे पत्त्यांना नाव मिळाले ते वेटचे आणि प्रकाशकाचे. बाईंचे नाव अलीकडे जोडले जाऊ लागले आहे.

आता चित्र पाहू. एक तरुण समुद्राकडे पाठ करून उभा आहे. अंगात फुलाफुलांचा निळसर अंगरखा, डोक्यावर निळी टोपी, तिचा शेला खांद्यावर आलेला. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात सोन्याचा पेला. आणि पेल्यातून एक मासा डोके बाहेर काढून थेट त्याच्या तोंडाकडे पाहतो आहे. तरुण दचकलेला नाही. त्याने पेला फेकून दिलेला नाही. तो किंचित मान कलती करून माशाकडे असे पाहतो आहे, की आता हा बोलणार आणि आपल्याला ऐकायचे आहे. मार्सेय पद्धतीच्या जुन्या पत्त्यांत हाच हुजऱ्या हातात पेला घेऊन उभा असतो, पण त्या पेल्यात मासा नाही. पाहणाऱ्याला आज या पत्त्यात सर्वांत आधी दिसतो तो मासाच, आणि सगळा घोटाळाही त्या माशावरूनच होतो.

आमच्या खोलीतली गोष्ट अशी. गेल्या पावसाळ्यात माझ्या मैत्रिणीला कावीळ झाली आणि ती तीन आठवडे गावी होती. परत आली तेव्हा वर्गातल्या तिच्या एका मित्राने तिला दोनशे पानी वही दिली. तीन आठवड्यांचे अर्थशास्त्राचे सगळे तास त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा उतरवले होते. मागणीची रेषा निळ्या शाईत, पुरवठ्याची लाल शाईत, खाली पट्टीने ओढलेले अक्ष. शेवटच्या पानात कागदाची एक बारीक पुडी होती आणि तिच्यात सुकलेली बकुळीची फुले.

मुलगा बोलला काय, तर ‘तेरावे प्रकरण सरांनी घाईत घेतले, ते पुस्तकातून बघ.’ बस्स.

त्या रात्री ती माझ्या पलंगावर येऊन बसली. म्हणाली, “पानांचे फोटो काढून मोबाईलवर पाठवता आले असते की नाही? सगळे तसेच करतात. मग हाताने का लिहिले? आणि बकुळ?” प्रश्न बिनतोड होता. मी पत्ते काढले.

तिने विचारले, “त्याच्या मनात माझ्याबद्दल काही आहे का?”

मी तीन पत्ते मांडले. पहिला, घडले ते काय. दुसरा, त्यात दडलेले काय. तिसरा, आता पुढे काय. पहिला आला नाण्यांचा अठ्ठा. त्या चित्रात एक कारागीर बाकावर बसून एकेका नाण्यावर चांदणी कोरत असतो. आम्ही दोघी हसलो, कारण डोळ्यांसमोर ती पट्टी आणि ते अक्ष आले. दुसरा आला आपला पेल्यांचा हुजऱ्या, सुलटा. तिसरा तलवारींची दुर्री. डोळ्यांना पट्टी बांधलेली एक स्त्री, छातीशी दोन तलवारींची फुली, मागे समुद्र आणि चंद्रकोर.

मधला पत्ता पाहताच मी जे बोलले ते मला आजही जसेच्या तसे आठवते. “अगं, हा तोच! पेला म्हणजे प्रेम. मासा म्हणजे त्याच्या मनातली गोष्ट. हुजऱ्या निरोप आणतो. थोडे थांब, तो बोलेल.” तिसऱ्या पत्त्याकडे मी जवळजवळ पाहिलेच नाही. पट्टी बांधली आहे म्हणजे वाट पाहा, असे काहीतरी म्हणून पत्ते गोळा केले.

पुढचे चार दिवस फार वाईट गेले. फोन वाजला की ती दचकायची. ग्रंथालयात तो समोर बसला की पान उलटायची नाही. चौथ्या दिवशी तिला दिसले की तीच वही वर्गातल्या आणखी एका मुलीने झेरॉक्सला नेली आहे, आणि तीही त्याच्याच सांगण्यावरून. त्या संध्याकाळी ती त्याच्याशी इतकी तुटक बोलली, की तो बिचारा ‘तुला बरे नाही का अजून?’ असे विचारून निघून गेला. रात्री ती जेवली नाही. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि त्यामुळेच मला झोप आली नाही.

मग मी ते तीन पत्ते पुन्हा मांडले आणि या वेळी पुस्तक उघडले. वेटने या पत्त्यांबरोबर प्रत्येकाचा अर्थ देणारे पुस्तकही लिहिले आहे. त्यात पेल्यांच्या हुजऱ्याचे जे अर्थ दिले आहेत त्यांचा मथितार्थ असा : सेवा करायला, उपयोगी पडायला उत्सुक असलेला एक तरुण, ज्याच्याशी विचारणाऱ्याचा संबंध येईल, अभ्यासू मुलगा, बातमी, निरोप, मन लावून केलेले काम, चिंतन. मी ही यादी दोनदा वाचली. तिच्यात प्रेम हा शब्दच नाही! ओढ, आसक्ती, कल हे अर्थ आहेत, पण ते पत्ता उलटा आला तर. आणि तिथे त्यांच्या शेजारीच भुरळ आणि फसवणूकही बसलेली आहे. सुलट्या पत्त्याला ‘कोवळ्या प्रेमाचा निरोप’ हा अर्थ आज सर्रास लावला जातो. तो सगळाच चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. पेल्यांचा रंग भावनेचाच, त्यामुळे अर्थ त्या बाजूला सरकणे साहजिक आहे. पण माझ्यासमोर काय होते? एक अभ्यासू मुलगा, मन लावून केलेले काम, आणि उपयोगी पडायची हौस. पहिल्या पत्त्यावरचा कारागीर तेच सांगत होता. दोन पत्ते एकमेकांना दुजोरा देत होते आणि मला तिसरेच ऐकू आले होते.

दुसरी चूक याहून मोठी होती आणि ती पुस्तकात सापडत नाही. दरबारी पत्ता आला की वाचणाऱ्याने आधी ठरवायचे असते की हे माणूस कोण. तो समोरचा तिसरा इसम असू शकतो, पत्ता विचारणारी स्वतः असू शकते, किंवा कोणीच माणूस नसून नुसती एक घटना, एक बातमी असू शकते. मी क्षणाचाही विचार न करता हुजऱ्याच्या अंगात त्या मुलाला घातले, कारण चित्रात मुलगा आहे आणि प्रश्नातही मुलगा आहे. इतके स्वस्त कारण!

आता तोच पत्ता तिच्या बाजूने पाहा. पेला कोणाच्या हातात आहे? ज्याच्या पेल्यातून मासा वर येतो त्याच्या. मासा त्याने पकडलेला नाही, कोणी त्याला आणूनही दिलेला नाही. तो त्याच्याच पेल्यातून आपणहून वर आला आहे. या माशाकडे बोट दाखवून वेटनेही म्हटले आहे ते असेच काहीसे, की मनातली चित्रे आकार घेऊ लागली आहेत. मग त्या आठवड्यात आमच्या खोलीत कोणाच्या मनात चित्रे आकार घेत होती? मुलगा तर तेराव्या प्रकरणाबद्दल बोलून निघून गेला होता. वही उघडून पुडीचा वास घेत बसलेली, आपल्या आत काहीतरी हलले म्हणून चकित झालेली व्यक्ती एकच होती. पत्त्यातला निरोप तिच्याकडून तिलाच आला होता. आणि तलवारींची दुर्री तिला वाट पाहायला सांगत नव्हती. त्या चित्रातल्या बाईच्या हातात दोन सारख्या तलवारी आहेत आणि डोळ्यांवर पट्टी. दोन्ही शक्यता तोलून धरल्या आहेत, पण पाहायचे मात्र नाही.

इथे आमच्या मानसशास्त्राच्या बाईंचा उल्लेख केला नाही तर तो अप्रामाणिकपणा होईल. माझे पत्ते त्यांना ठाऊक आहेत. हा किस्सा सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “तुझे दुसरे वाचन जास्त बरे आहे, पण पहिलेही तिला पटलेच होते ना? ते का पटले याचा विचार कर.” आणि त्यांनी फोररचा प्रयोग सांगितला. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझ्या स्वभावाचे वर्णन’ म्हणून एक कागद दिला. हे वर्णन कितपत जुळते, त्याला पाचपैकी गुण द्या, असे सांगितले. सरासरी चारच्या वर आली. मग त्याने उघड केले, की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि त्यातला बराचसा त्याने ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचलला होता.

बाईंचे म्हणणे मला पटले, आणि मी घरी येऊन एक हिशेबही करून पाहिला. ७८ पत्त्यांत पेल्यांचे १४. तीन पत्ते काढले तर निदान एक पेला येण्याची शक्यता शंभरात सुमारे ४५. म्हणजे प्रेमाचा प्रश्न घेऊन आलेल्या जवळजवळ दर दुसऱ्या मुलीला ‘भावनेचा’ पत्ता मिळणारच. हुजऱ्याच यावा ही शक्यता अर्थात कमी, सव्विसांत एक. पण तो आला नसता तर मी राणीवरून किंवा दुर्रीवरूनही तेच बोलले असते, अशी मला दाट शंका आहे. पत्त्यांना त्या मुलाचे मन कळायला काहीच मार्ग नाही. तो खोलीत नव्हता, त्याला विचारलेले नव्हते, आणि खरे तर त्याच्या अपरोक्ष त्याच्या मनाची झडती घेण्याचा आम्हाला अधिकारही नव्हता.

मग पत्ते कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे. अंधारात दोघी बसलेल्या असताना ‘तुला तो आवडतो का?’ असे सरळ विचारले तर कोणतीही मुलगी ‘छे’ म्हणेल. मध्ये एक चित्र असले की दोघींची नजर चित्रावर असते, आणि चित्रातल्या माणसाबद्दल बोलता येते. म्हणून आता मी त्या पत्त्याचा अर्थ सांगत नाही. मी विचारते, की हा हुजऱ्या कोण आहे आणि मासा त्याला काय सांगत असेल?

त्या पाचव्या रात्री मी माझ्या मैत्रिणीला हेच विचारले. पत्ता तिच्या हातात दिला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मासा विचारतोय, की तो मुलगा नुसता चांगला निघाला तर तुला चालेल का.”

“चालेल?”

“नाही चालणार,” ती म्हणाली आणि रडली.

आता प्रश्न बदलला होता. त्याच्या मनात काय आहे ते आम्हाला अजूनही ठाऊक नव्हते, पण तिच्या मनात काय आहे ते तिला कळले होते. त्यामुळे चार दिवसांचा राग कुठून आला हेही तिला कळले. वही त्याने दुसऱ्या मुलीला देऊ केली यात त्याचा काहीच गुन्हा नव्हता. तिने मनातल्या मनात एक करार केला होता आणि तो त्याने मोडला म्हणून ती रागावली होती. कराराची त्याला वार्ताही नव्हती.

पुढे काय करावे यावर आम्ही उशिरापर्यंत बोललो. माझे म्हणणे असे होते, की हुजऱ्या हा राजा नव्हे. त्याचा निरोप छोटा असतो, त्याला शपथा, वचने, भवितव्य हे काही पेलवत नाही. तेव्हा त्याला शोभेल एवढाच प्रश्न विचारावा. ‘तुझे माझ्यावर प्रेम आहे का’ हा राजाराणीचा प्रश्न झाला; त्याने समोरच्याला एकदम न्यायालयात उभे केल्यासारखे होते. ‘ती बकुळ माझ्यासाठी होती का’ हा हुजऱ्याचा प्रश्न. त्याला ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘कुठली बकुळ?’ यांपैकी काहीही उत्तर आले तरी दोघांना दुसऱ्या दिवशी एका बाकावर बसता येते.

तिने तो कॅन्टीनच्या पायरीवर, चहा घेताना विचारला. मी चार पावलांवर होते आणि नसल्यासारखे करत होते.

तो म्हणाला, “बकुळ? ती आजीने ठेवली असेल. आमच्याकडे ती सगळ्या वह्यापुस्तकांत ठेवते, वास राहतो म्हणून. का? तुला त्रास झाला का वासाचा? कावीळ झाली की वास सहन होत नाहीत म्हणे.”

“नाही, छान आहे,” ती म्हणाली. मग जरा थांबून तिने आपणहून दुसरा प्रश्न विचारला, “आणि हाताने का लिहिलेस सगळे?”

“माझाही अभ्यास झाला ना,” तो म्हणाला. “आणि तू मागच्या वर्षी मला इतिहास शिकवलास तो? मी विसरलो नाही ते.”

हे उत्तर प्रेमाचे नव्हते. पण नुसत्या सवयीचेही नव्हते. त्याला तिची आठवण होती, कृतज्ञता होती, आजारपणाची काळजी होती. आणि तिला हवे होते ते यांपैकी कशातच नव्हते. दोन दिवस ती उदास होती. तिसऱ्या दिवशी तिने त्याला ती चार दिवस तुटक वागल्याबद्दल माफ कर म्हणून सांगितले, कारण मात्र सांगितले नाही. तो म्हणाला, मला वाटले काविळीमुळे चिडचिड होत असेल. आता दोघे पुन्हा एकत्र अभ्यास करतात. तिच्या पेल्यातला मासा परत आत गेला की अजून डोके वर काढून बसला आहे, हे मी विचारलेले नाही, आणि त्यासाठी पत्तेही मांडलेले नाहीत.

वही आमच्या फळीवर आहे. परीक्षेच्या दिवसांत मीही ती वापरली. तेरावे प्रकरण खरोखरच नाही तिच्यात. शेवटच्या पानाला मात्र अजून वास येतो.